गीझर उघडाल तेव्हा अ‍ॅनोड आधी बघा

पुण्यात बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत गीझर वर्षातून एकदा उघडायलाच हवा. पण बहुतेक ठिकाणी फक्त कॉइल खरवडली जाते आणि शेजारची मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड, कुणी बघतही नाही. टाकी गळायला लागते ती बऱ्याचदा याच दुर्लक्षामुळे.

एमसीबी बंद करा, पाणी गार होऊ द्या, इनलेटचा कॉक बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून इनलेटचा पाइप सोडवला की टाकी रिकामी होते. टर्मिनलवर टेस्टर लावून वीज नाही ना ते पाहा, वायरींचा फोटो घ्या आणि टाकीच्या बुडाची झाकणासारखी चकती, म्हणजे फ्लँज, कॉइलसकट खाली काढा.

आता खरं काम. टाकीच्या आतल्या काचलेपाला बारीक छिद्रं असतातच. तिथलं लोखंड गंजू नये म्हणून मॅग्नेशियम स्वतः झिजत राहतं. कांडी पांढरी, खडबडीत दिसते म्हणून ती संपली असं समजू नका, आणि जाड दिसते म्हणून चांगली आहे असंही नाही. वरचा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा आणि मगच जाडी बघा. वाघोलीतल्या टँकरवरच्या एका 25 लिटरच्या गीझरची कांडी मी उघडली तेव्हा बाहेरून अंगठ्याएवढी होती. क्षार निघाले तेव्हा आतली लोखंडी तार उघडी पडलेली. तार दिसली किंवा जाडी निम्म्याखाली गेली की कांडी बदलायची, पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

कांडी अडकली तर पकडीने वाकवू नका, ती आट्यातच मोडते. बुडाशी व्हिनेगरचा बोळा ठेवा, वाट बघा, मग हळूहळू मागेपुढे फिरवत सोडवा. नवी बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात नको. फ्लँजशी धातूचा थेट स्पर्श राहिला नाही, तर कांडी आत असूनही टाकीला वाचवत नाही.

कॉइल सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, टर्मिनल मात्र पाण्याबाहेर. हातोडी आणि संडासचं ॲसिड दोन्ही वर्ज्य, कॉइलचं कवच खराब होतं. गॅस्केट नवंच घ्या आणि नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा.

नळातून हवा न येता सलग धार येईपर्यंत टाकी भरा, गळती तपासा, तेव्हाच स्विच लावा. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

तापमान 60 अंशांवर ठेवा. त्याहून वर क्षार भराभर बसतात, आणि कायम 40-45 वर ठेवलं तर लिजिओनेला जंतूंना टाकीत वाढायला वाव मिळतो. पण 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील तर बादलीत आधी गार पाणी घ्या, गरम नंतर.