रिपोर्ट नॉर्मल, तरी बेअरिंग गेलं: ऑइल सॅम्पल आणि थर्मल फोटो घेताना या चुका टाळा

छोट्या प्लांटमधला एक कन्व्हेयर गिअरबॉक्स उदाहरणाला घेऊ. आत 40 लिटर व्हीजी 220 ऑइल. दर तीन महिन्यांनी सॅम्पल लॅबला जातं आणि रिपोर्टमध्ये लोखंड येतं 42, 45, 41, 44 पीपीएम. प्रत्येक वेळी शेरा एकच, नॉर्मल. थर्मल कॅमेऱ्यातही इनपुट बाजूची बेअरिंग कॅप 40 अंशांच्या आसपास, म्हणजे थंडच. आणि मग एके दिवशी इनपुट बेअरिंग जाम होतं. अशा वेळी लॅबला किंवा कॅमेऱ्याला दोष दिला जातो. पण बहुतेकदा चूक सॅम्पल आणि फोटो घेण्याच्या पद्धतीत असते, आणि थोडी आकडे वाचण्यात.

सॅम्पल ड्रेन प्लगमधून घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मशीन बंद, ऑइल गार, खालचा प्लग सैल करून बाटली भरली की काम झालं. पण तळाशी पाणी, गाळ आणि महिन्यांपूर्वी बसलेला कचरा असतो. तो एकदा बाटलीत आला की आकडे घाबरवतात. पुढच्या वेळी कुणी आधी थोडं ऑइल वाहू देऊन मग बाटली भरली, की तेच आकडे अर्ध्यावर येतात. दोन्ही रिपोर्ट त्या त्या बाटलीपुरते खरेच असतात, पण त्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही.

सॅम्पल मशीन चालू असताना घ्या. ते सुरक्षित नसेल तर बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत, कण खाली बसण्याआधी. जागा ऑइलच्या पातळीच्या साधारण मध्यावरची. हातपंप आणि नळी वापरत असाल तर नळी दर वेळी नवी, आणि तिचं टोक तळाला टेकू देऊ नका. किती लांब नळी आत जाते हे मोजून तिच्यावर खूण करून ठेवली की माणूस बदलला तरी सॅम्पलची खोली बदलत नाही. सॅम्पलिंग व्हॉल्व्ह बसवला असेल तर व्हॉल्व्ह आणि पाइपमध्ये अडकलेलं जुनं ऑइल आधी वेगळ्या डब्यात सोडा, अडकलेल्या ऑइलच्या पाच ते दहा पट तरी. बाटलीचं झाकण अगदी भरतानाच उघडायचं. पाण्याच्या जुन्या बाटलीत पाठवलेल्या सॅम्पलवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सॅम्पल न वापरलेल्या ऑइलचंही पाठवा. काही ऑइलमध्ये फेस रोखणाऱ्या अॅडिटिव्हमुळे मुळातच थोडं सिलिकॉन असतं. हा आधार नसेल तर रिपोर्टमधलं सिलिकॉन धुळीचं, अॅडिटिव्हचं की सीलंटचं, हे कळायला मार्ग राहत नाही. सिलिकॉनसोबत अॅल्युमिनियमही वाढत असेल तर धुळीचा संशय पक्का धरा आणि आधी ब्रीदर तपासा.

लोखंडाचा आकडा एकटाच वाचणं

आता आपल्या गिअरबॉक्सकडे परत येऊ. 41 ते 45 पीपीएमची सरळ रेषा दोन कारणांनी फसवी होती.

पहिलं कारण टॉप-अप. आउटपुट सील गळत होतं आणि ऑपरेटर अधूनमधून नवं ऑइल टाकत होता, पण त्याची नोंद कुठेच नव्हती. ऑइलमध्ये 60 पीपीएम लोखंड असताना 40 पैकी 10 लिटर गळून गेलं आणि तेवढंच नवं भरलं, तर आकडा थेट 45 वर येतो. झीज वाढतेय, रिपोर्ट मात्र जागेवरच. म्हणून प्रत्येक सॅम्पलच्या फॉर्मवर ऑइलचे तास आणि मागच्या सॅम्पलनंतर टाकलेलं ऑइल, दोन्ही लिहिलंच पाहिजे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लॅबमधली नेहमीची स्पेक्ट्रोमीटर चाचणी बारीक कणच नीट मोजते, साधारण 5 ते 8 मायक्रॉनपर्यंतचे. बेअरिंगच्या रेसवरून खपल्या निघायला लागल्या की कण याहून बरेच मोठे असतात आणि या आकड्यात जवळजवळ येतच नाहीत. ते पकडायला पीक्यू इंडेक्स लागतो. ही चाचणी चुंबकाला प्रतिसाद देणारं एकूण लोखंड मोजते, कण लहान असो वा मोठा. गिअरबॉक्सच्या सॅम्पलसाठी ती मागून घ्या. लोखंड स्थिर आणि पीक्यू 20 वरून 35, 90, 240 असा चढत असेल, तर आत काहीतरी तुटतंय असं समजून चाला. मॅग्नेटिक प्लगही बघा. बारीक काळसर पेस्ट बहुधा नेहमीच्या झिजेची असते, पण बोटाला टोचणारी चकचकीत खपली दिसली की वाट बघू नका.

चकचकीत पृष्ठभागावर कॅमेरा धरणं

कॅप 40 अंश दिसत होती, कारण ती रंग न दिलेल्या अॅल्युमिनियमची होती. पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती चांगली बाहेर टाकतो याचं माप म्हणजे एमिसिव्हिटी. रंगवलेल्या बॉडीची ती 0.9 ते 0.95 असते. उघड्या धातूची बरीच कमी, घासून चकचकीत केली असेल तर 0.1 च्याही खाली. कॅमेरा 0.95 वर ठेवून अशा कॅपकडे धरला की त्यात मुख्यतः आजूबाजूच्या गोष्टींची प्रतिबिंबं मोजली जातात. कॅप खरी 72 अंशांवर असूनही पडद्यावर 40 दिसू शकतं.

उपाय साधा आहे. मशीन बंद असताना कॅपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा नीट चिकटवा किंवा मॅट रंगाचा ठिपका द्या, आणि दर वेळी त्यावरच मोजा. कॅमेऱ्यातली एमिसिव्हिटी बदलून चकचकीत धातूचं खरं तापमान काढण्याच्या फंदात पडू नका. इतक्या कमी एमिसिव्हिटीला छोटी चूकही मोठा फरक पाडते.

तरीही 72 हा आकडा एकटा काही सांगत नाही. इनपुट शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे त्या बाजूचं बेअरिंग थोडं गरम असणं स्वाभाविक आहे. तुलना करायची ती त्याच जागेच्या जुन्या फोटोशी किंवा तेवढ्याच लोडवर चालणाऱ्या तशाच दुसऱ्या गिअरबॉक्सशी.

पॅनेलचा फोटो कमी लोडवर काढणं

इलेक्ट्रिकल पॅनेलमधल्या सैल जोडाची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या लोडवर केबलच्या टोकाचा एक लग बाकीच्यांपेक्षा 8 अंश गरम दिसला, तर पूर्ण लोडवर हा फरक 30 च्या आसपास जाऊ शकतो. म्हणून फोटोसोबत तिन्ही फेजचे अँपिअर लिहा. जोड सैल असेल तर सगळ्यात गरम बिंदू जोडावर असतो आणि केबलवर पुढे उष्णता उतरत जाते. पूर्ण केबलच सारखी गरम असेल तर आधी त्या फेजचा करंट बघा. अॅक्रिलिकच्या झाकणातून फोटो काढू नका, कॅमेऱ्याला फक्त झाकणाचंच तापमान दिसतं. झाकण उघडायचं काम मात्र चालू पॅनेलवर काम करण्याची परवानगी आणि संरक्षक साहित्य असलेल्याचंच.

आपल्या गिअरबॉक्समध्ये पीक्यू आणि टेपवरचं तापमान एकत्र ठेवलं असतं तर चित्र स्पष्ट होतं. ऑइल सांगत होतं की काहीतरी खपलतंय, पण कुठे ते नाही. थर्मल फोटो बाजू दाखवत होता, पण कारण नाही. अशा वेळी पुढचं सॅम्पल तीन महिन्यांऐवजी दोन आठवड्यांनी घ्यावं, त्या बेअरिंगचं व्हायब्रेशन मोजावं आणि तेही वाढलेलं असेल तर बेअरिंग बदलण्यासाठी शटडाऊन ठरवून टाकावा. बेअरिंग बदलल्यावर ऑइल आणि फिल्टरही बदला, मशीन नेहमीच्या लोडवर स्थिरावल्यावर नवं सॅम्पल आणि टेपवरचा फोटो घ्या, आणि तिथून नवी नोंद सुरू करा. जुन्या आकड्यांशी ती जोडू नका.