आल्याचा भाव संकेतस्थळांवर बघून माल कुठे विकायचा हे कसं ठरवावं

कोरेगाव तालुक्यात आमच्या तात्यांचं आलं जानेवारीत काढणीला आलं. मे महिन्यातली लागण, माल भरलेला, साधारण पन्नास क्विंटल निघेल असा अंदाज. बांधावर आलेल्या व्यापाऱ्यानं गाडीला २२ हजार सांगितले. त्याच दिवशी मोबाईलवर पुण्याचा सर्वसाधारण दर ५,२०० दिसत होता. तात्यांनी लगेच होकार दिला नाही, दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत त्यांनी जे केलं, तेच इथे क्रमानं सांगतो. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोळाबेरीज घेतले आहेत. तुमच्या दिवसाचा भाव आणि तुमचा खर्च त्या जागी घाला.

आधी माप एक करा

साताऱ्याकडे आल्याचा सौदा गाडीवर होतो आणि गाडी म्हणजे ५०० किलो. संकेतस्थळावर मात्र दर क्विंटलचा असतो. म्हणून व्यापाऱ्यानं सांगितलेल्या आकड्याला पाचनं भागा. २२ हजाराची गाडी म्हणजे क्विंटलला ४,४०० रुपये. हे न करता बोलायला बसलं की २२ हजार हा आकडा कानाला मोठा वाटतो आणि तुलना तिथेच फसते.

मग भाव उघडा

राज्य कृषी पणन मंडळाच्या msamb.com वर शेतमालाच्या यादीतून आले निवडलं की बाजार समितीनिहाय तक्ता येतो. त्यात जात किंवा प्रत, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर दिसतात. केंद्र सरकारच्या agmarknet.gov.in वर हीच माहिती इंग्रजीत मिळते. तिथे शेतमाल निवडताना `Ginger(Green)` घ्यायचं. `Ginger(Dry)` म्हणजे सुंठ, तिचा भाव पूर्ण वेगळा असतो.

दोन्हीकडे एकच आकडा दिसला म्हणून भावाची खातरजमा झाली असं समजू नका. दोन्ही ठिकाणी माहिती बाजार समितीकडूनच जाते. आकडे जुळले नाहीत तर आधी तारीख बघा, बहुतेक वेळा एकीकडे आदल्या दिवसाचा भाव असतो. आवकेचं मापही निरखा, कारण पणन मंडळ क्विंटलमध्ये लिहितं आणि अॅगमार्कनेट टनात. पुण्याची ५४० क्विंटल आवक तिकडे ५४ दिसेल. तात्या आधी चमकले ते याच ठिकाणी.

एका दिवसाच्या भावावर जाऊ नका. मागचे आठ-दहा दिवस काढा. पुण्याच्या गुलटेकडीत रविवारी आवक मोठी असते, म्हणून रविवारची तुलना रविवारशीच केलेली बरी.

आवकेचा रकाना दराआधी वाचा

तात्यांना साताऱ्याचा सर्वसाधारण दर ४,५०० दिसला. बांधापेक्षा शंभरानं जास्त, आणि बाजार घराजवळ. पण त्या दिवशीची आवक होती १५ क्विंटल. एवढा माल किरकोळ विक्रेते उचलतात. तिथे एकाच शेतकऱ्यानं पन्नास क्विंटल उतरवले तर तो दर टिकणार नाही. कमी आवकेच्या बाजारातला भाव थोड्या मालापुरता खरा असतो. साताऱ्याचा पर्याय तिथेच बाजूला पडला आणि राहिलं पुणं.

सर्वसाधारण दर तुमच्या मालाचा आहे का

माझ्या मते आल्यात सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. पुण्यात त्या दिवशी किमान ३,००० आणि कमाल ६,५०० होते. एकाच दिवशी दुपटीहून जास्त फरक पडतो, कारण त्या तक्त्यात सगळा माल एकत्र आलेला असतो. आलं काढलं नाही तर जमिनीत राहतं. पुढचा पावसाळा पाहिलेलं जुनं आलं घट्ट आणि टिकाऊ असतं, तर आठ-नऊ महिन्यांचं नवं आलं पाणीदार आणि पातळ सालीचं. व्यापारी दोन्हींना वेगळा दर लावतात. याच वेगळ्या दरावरून सातारा जिल्ह्यात शेतकरी आणि व्यापाऱ्यांत वादही झाले आहेत. संकेतस्थळावर मात्र जातीच्या रकान्यात बहुधा नुसतं ‘लोकल’ किंवा रिकामी रेघ असते. जुनं की नवं, हे त्यातून कळत नाही.

म्हणून इथे फोनच करावा लागतो. तात्यांनी पुण्यातल्या दोन आडत्यांना विचारलं. प्रश्न नेमका होता : “नवं आलं, धुतलेलं, मध्यम कांडी, काल काय दरानं गेलं?” नुसतं “आल्याला काय भाव आहे?” विचारलं की समोरचा चांगल्या मालाचा भाव सांगतो. दोघांकडून उत्तर आलं ते ४,९०० च्या आसपासचं.

आता हातात काय पडतं ते काढा

बांधावरच्या सौद्यात काढणी आणि धुणी व्यापाऱ्याच्या मजुरांची होती. तुमच्याकडे तसं नसेल तर हिशोब बदलेल, म्हणून हे आधी विचारून घ्या. पुण्याला माल न्यायचा तर हे सगळं तात्यांच्या अंगावर. क्विंटलला काढणी-धुणी ३०० रुपये, पोती ४०, नऊ हजारांच्या टेम्पोचं भाडं १८०, हमाली-तोलाई ४०. हे झाले ५६०. शिवाय धुतलेलं आलं वाटेत सुकतं, थोडं मोडतं. शंभर किलोला तीन किलो घट धरली तर आणखी साधारण १५०. म्हणजे खर्च ७१०. फळे-भाजीपाल्याची आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची आहे, त्यामुळे ती यात धरलेली नाही. पट्टीवर ती कापलेली दिसली तर तिथेच विचारा.

संकेतस्थळावरचा ५,२०० धरला असता तर घट साधारण १६० ची झाली असती आणि ७२० खर्च वजा जाता ४,४८० उरले असते, म्हणजे बांधापेक्षा ८० जास्त, आणि पन्नास क्विंटलला चार हजारांचा फायदा दिसला असता. नव्या मालाचा खरा ४,९०० धरल्यावर उरतात ४,१९०. बांधापेक्षा २१० कमी. पन्नास क्विंटलला साडेदहा हजारांचा तोटा.

तात्यांनी माल बांधावरच द्यायचं ठरवलं, पण २२ हजाराला नाही. व्यापारी आल्यावर त्यांनी आठ दिवसांचा पुण्याचा भाव आणि आडत्यांनी सांगितलेला नव्या मालाचा दर त्याच्यापुढे ठेवला. भाव पडत नव्हता, त्यामुळे “उद्या उतरेल” हे व्यापाऱ्याला म्हणता आलं नाही. “तात्या, पाचशे वाढवतो, यापुढं परवडत नाही,” म्हणून गाडी साडेबावीस हजारांवर मिटली.

दरासोबत तीन गोष्टी त्यांनी तोंडी न ठेवता कागदावर घेतल्या. गाडी ५०० किलोचीच, मातीपोटी किंवा ओलीपोटी वरचं वजन नाही. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर, शेतकऱ्यासमोर. पैसे माल भरला त्याच दिवशी खात्यावर. गाडीमागे वीस किलो जास्तीचे गेले तर साडेबावीस हजाराच्या दरानं नऊशे रुपये जातात, म्हणजे वाढवून घेतलेले पाचशे त्यातच बुडतात.

वरच्या अंगाचा एक तुकडा त्यांनी काढला नाही. तिथे पाण्याचा निचरा चांगला आहे आणि कंदकूज दिसलेली नाही, म्हणून तो जुन्यासाठी ठेवला. आता दर आठवड्याला दोन रोपं उपटून कांडी दाबून बघतात. मऊ लागली, पिवळी पडून कुबट वास आला, तर वाट न बघता तो तुकडा काढायचा. भावासाठी त्यांनी वहीत एक आकडा लिहून ठेवला आहे : बांधावर साडेबावीस हजार मिळत असतील, तर पुण्यात त्याच मालाला ५,२२० च्या वर गेल्याशिवाय टेम्पो बोलवायचा नाही.