वेबपान छापताना या चुका टाळा: जाहिराती, मेनू आणि कागदाच्या कडेला येणारा नको तो मजकूर

दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची कृती कुणीतरी पाठवतं. स्वयंपाकघरात फोन नको म्हणून आपण ती छापायला घेतो. कृती असते दीड पानाची आणि प्रिंटरमधून बाहेर पडतात नऊ पानं: वर साइटचा मेनू, मध्ये तेलाची जाहिरात, शेवटी 'हेही वाचा'ची लांबलचक रांग आणि प्रत्येक कागदाच्या वर-खाली तारीख आणि पानाचा पत्ता. यातला बहुतेक कचरा शाई खर्च होण्याआधीच काढता येतो. पण हा कचरा दोन वेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि तिथेच पहिली गफलत होते.

साइटचा कचरा आणि ब्राउझरची भर एकच समजणं

मेनू, जाहिराती, शेअरची बटणं हे सगळं साइटचं असतं. कागदाच्या कडेचा मजकूर मात्र ब्राउझर स्वतः घालतो. क्रोम वर तारीख-वेळ आणि पानाचं शीर्षक छापतो, खाली पत्ता आणि पान क्रमांक. फायरफॉक्समध्ये शीर्षक आणि पत्ता वर, पान क्रमांक आणि तारीख खाली असते. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन कितीही चांगलं असलं तरी कडेच्या ओळी जाणार नाहीत, आणि त्या ओळी बंद केल्या म्हणून तेलाची जाहिरात जाणार नाही. म्हणून आधी पान साफ करायचं आणि कडेच्या ओळींकडे शेवटी वळायचं.

समासच शून्य करणं

कडेच्या ओळी घालवायला बरेच जण `Margins` मध्ये `None` निवडतात. ओळी खरंच जातात, कारण त्यांना जागाच उरत नाही. क्रोममध्ये तर त्यांचा पर्यायही तिथून नाहीसा होतो. पण घरगुती प्रिंटर सहसा कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही. चारी बाजूंचे काही मिलिमीटर कोरे राहतात. समास शून्य केला की मजकूर त्या पट्टीत शिरतो आणि कापला जातो. मराठीत हे लगेच दिसतं: पानाच्या पहिल्या ओळीचे रफार, मात्रा आणि वेलांट्यांचे वरचे भाग गायब होतात, आणि डाव्या कडेला प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अर्धवट येतं. पडद्यावरच्या प्रिव्ह्यूत मात्र सगळं ठीक दिसतं, कारण प्रिव्ह्यू नेहमी प्रिंटरची मर्यादा दाखवत नाही.

बरोबर जागा अशी: `Ctrl+P` दाबा, `More settings` उघडा आणि `Headers and footers` वरची खूण काढा. क्रोम आणि एजमध्ये हेच नाव आहे, फायरफॉक्समध्ये `Print headers and footers`. समास `Default` च ठेवा. पान थोडक्यासाठी वाढत असेल तर समासाला हात लावण्याऐवजी `Scale` ९० वर आणा. अक्षर फारसं बारीक होत नाही.

या ओळींबद्दल एक काळजीची गोष्ट. पान संगणकावर सेव्ह करून मग छापलं, तर पत्त्याच्या जागी `file:///C:/Users/` ने सुरू होणारा फाइलचा मार्ग येतो आणि त्यात विंडोजमधलं तुमचं खात्याचं नाव असतं. लॉगिन करून उघडलेल्या पानांच्या पत्त्यातही कधी कधी खासगी क्रमांक असतात. असा कागद दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर ही खूण आधी काढाच. उलट, पुरावा म्हणून एखादी सूचना किंवा निकाल जपून ठेवायचा असेल तर त्या ओळी राहू द्या. कधी आणि कुठून छापलं, हे त्यांच्यावरूनच कळतं.

वाचन मोडवर डोळे मिटून विसंबणं

साधा लेख असेल तर सर्वांत सोपा मार्ग हाच. फायरफॉक्स आणि एजमध्ये `F9` दाबलं की मेनू, जाहिराती बाजूला होऊन फक्त लेख उरतो. मॅकवरच्या सफारीत त्यासाठी `Show Reader` आहे. मग तिथूनच छापायचं. फायरफॉक्समध्ये छपाईच्या खिडकीतही `Format` खाली `Simplified` मिळतं. मूळ पान वाचन मोडला योग्य वाटलं नाही तर हा पर्याय दिसत नाही.

अडचण अशी, की लेख कुठला आणि फापटपसारा कुठला हे ब्राउझर अंदाजाने ठरवतो. सलग परिच्छेद तो ओळखतो. छोट्या चौकटी, तक्ते आणि याद्या कधी कधी गाळतो. आपल्या चकलीच्या पानावर साहित्य वेगळ्या चौकटीत असेल, तर कृती नीट येते पण तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ यांचं प्रमाणच जातं. कागद हातात घेऊन भाजायला बसल्यावर हे कळून उपयोग नाही. छापण्याआधी वाचन मोडमधलं पान मूळ पानाशी ताडून पाहा, खास करून जिथे आकडे आहेत तिथे. तिकीट, पावती, क्यूआर कोड असलेलं प्रवेशपत्र यांसाठी हा मोड वापरूच नका.

प्रमाण गळालं असेल तर वाचन मोड सोडून मूळ पानावर परत या. शीर्षकापासून कृतीच्या शेवटच्या ओळीपर्यंत माउसने मजकूर निवडा आणि मग `Ctrl+P` दाबा. क्रोम आणि एजमध्ये `More settings` खाली `Selection only` वर खूण करा, फायरफॉक्समध्ये `Format` खाली `Selection` निवडा. साहित्याची चौकट येते. वरचा मेनू आणि खालची रांग निवडीबाहेर राहते. निवड न करता छपाईची खिडकी उघडली तर हा पर्याय वापरता येत नाही, आणि 'माझ्याकडे तो नाहीच' असं वाटण्याचं कारण बहुधा हेच असतं.

मधली जाहिरात अजूनही उरली असेल तर संगणकावर तिच्यावर उजवी क्लिक करून `Inspect` निवडा. बाजूला उघडलेल्या कोडमध्ये एक ओळ ठळक झालेली असेल, `Delete` दाबा. जाहिरातीची रिकामी चौकट मागे राहिली तर कोडमध्ये त्याच्या वरच्या ओळीवर जाऊन पुन्हा `Delete`. जास्त उडालं तर `Ctrl+Z`. बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतो, पान रिफ्रेश केलं की सगळं परत येतं. म्हणून साफ केल्यावर रिफ्रेश न करता लगेच छापा. प्रत्येक कागदावर तीच पट्टी पुन्हा पुन्हा छापली जात असेल, तर ती पडद्याला चिकटून राहणारी मेनूची पट्टी असते. तीही अशीच उडवा.

प्रिव्ह्यूतली पानं न मोजणं

प्रिव्ह्यूत पानांची एकूण संख्या दिसते, आणि तेवढ्यावरून बरंच कळतं. दोन पानांच्या मजकुराला नऊ दिसत असतील तर कचरा अजून आहे. लांब लेखाला फक्त एकच पान दिसत असेल, तर साइटने मजकूर आतल्या सरकत्या चौकटीत ठेवलेला असतो आणि पडद्यावर दिसतो तेवढाच भाग छापला जातो. अशा वेळी वाचन मोड बहुधा काम करतो. चित्रांच्या जागी पांढऱ्या चौकटी असतील तर चित्रं अजून उतरलेलीच नाहीत. बऱ्याच साइट खाली सरकल्यावरच ती आणतात. खिडकी बंद करा, पान शेवटपर्यंत सावकाश सरकवा आणि पुन्हा `Ctrl+P` दाबा.

शंका असेल तर प्रिंटरऐवजी `Save as PDF`, फायरफॉक्समध्ये `Save to PDF`, निवडून ती फाइल आधी उघडून बघा. बाहेरच्या दुकानात प्रिंट काढायची असेल तर दुवा न देता हीच पीडीएफ न्या. तिथल्या संगणकावर पान उघडलं, तर तिथल्या ब्राउझरच्या सेटिंगप्रमाणे मेनू, जाहिराती आणि कडेच्या ओळी पुन्हा येतील.