जुन्या अपार्टमेंटला रॅम्प करताय? आधी उंची मोजा, या चुका टाळा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन मजली अपार्टमेंट बऱ्याच आहेत. लिफ्ट नाही, जोता उंच, दारापुढे चार-पाच पायऱ्या आणि दाराला चॅनल गेट. कुणाला पॅरालिसिस झाला किंवा कुणाच्या गुडघ्यांनी दगा दिला की कमिटीत रॅम्पचा विषय निघतो. मिस्त्री येतो, पायऱ्यांकडे बघतो आणि म्हणतो, "भाऊ, दहा फुटात बसते नं." बहुतेक रॅम्प या वाक्यावरच बिघडतात.

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर एक इंच चढायला एक फूट लांबी. हा हिशोब सोपा आहे, पण चढायचे इंच किती हेच नीट मोजलं जात नाही.

बारा फ्लॅटच्या एका इमारतीचं उदाहरण घेऊ. पायऱ्या चार आणि प्रत्येक सहा इंचांची, म्हणून कमिटीने उंची 24 इंच धरली. पण पुढचं आवार नालीकडे उतरतं, त्यामुळे रॅम्प जिथून सुरू होणार ती जागा पहिल्या पायरीच्या पायथ्यापेक्षाही खाली होती. लेव्हल पाइप लावल्यावर ते कळलं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक दारातल्या फरशीपाशी आणि दुसरं रॅम्पच्या सुरुवातीच्या जागी धरायचं. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे पाण्यापासून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे खरी उंची. इथे ती 28 इंच निघाली, म्हणजे रॅम्प 28 फूट लागणार. दहा फुटांत बसवला असता तर उतार जवळपास 1:4 झाला असता. तो स्कूटर चढवायला ठीक, पण त्यावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना ती हातातून सुटते.

माप घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा: रॅम्प नेमका कुठून सुरू होणार आणि आवारात पुढे पेव्हर ब्लॉक बसणार आहेत का. दोन्हींमुळे उंची बदलते.

या इमारतीपुढे मोकळी जागा फक्त दहा फूट होती. 28 फूट सरळ रॅम्प बसेना, आणि मागे वळणारा रॅम्प केला तर पुढची सगळी जागा जात होती. मग तो इंग्रजी एलच्या आकारात घेतला. बाजूच्या मोकळ्या जागेत 14 फूट, कोपऱ्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा सपाट भाग, आणि तिथून पुढच्या भिंतीलगत दारापर्यंत 14 फूट. डावीकडे सेप्टिक टँकचं झाकण होतं. त्यावर रॅम्प टाकला असता तर टँक उपसायच्या वेळी तोच फोडावा लागला असता, म्हणून उजवी बाजू घेतली.

सपाट भाग वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोपऱ्यावर तो नसेल तर खुर्ची वळत नाही. दारापुढे नसेल तर माणसाला उतारावर उभं राहून एका हाताने खुर्ची धरायची आणि दुसऱ्याने गेट सरकवायचं, हे जमत नाही. या इमारतीचा चौथरा तीन फूटच होता. तो पाच फूट केला आणि पायऱ्या पुढे सरकवल्या. पायऱ्या काढून टाकू नका. काठी घेऊन चालणाऱ्या काहींना उतारापेक्षा कठडा असलेल्या पायऱ्या बऱ्या पडतात.

रुंदी चार फूट सांगितली की मिस्त्री बाहेरून बाहेर चार फूट धरतो. मग दोन्हीकडचे कठडे आणि पाइप धरून आत सव्वातीनच उरतात. ठेक्याच्या कागदावर "पाइपच्या आतून आत चार फूट" असंच लिहा.

सगळं नीट होऊनही शेवटी चॅनल गेट अडवतं. त्याची खालची पट्टी फरशीच्या वर आलेली असते आणि खुर्चीची पुढची लहान चाकं तिथेच अडकतात. अर्ध्या इंचापर्यंतचा उंबरठा दोन्हीकडून उतरता करून चालतो. त्याहून जास्त असेल तर पट्टी फरशीत बसवून घ्या. गेट उघडल्यावर मोकळी वाट तीन फूट मिळते का, तेही टेपने बघा. एरवी एकच पल्ला उघडा ठेवायची सवय असेल तर ती मिळणार नाही.

आता आपल्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. इमारतीचा पाया खोल असतो, पण रॅम्प वरवर टाकलेला असतो, म्हणून तो एकटाच वरखाली होतो. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर जोता आणि रॅम्पच्या सांध्यात फट पडते, मग एक कडा वर येते. लोक तिथे सिमेंट भरतात आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा सुटतं. रॅम्पखालची काळी माती निदान दोन-तीन फूट काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुमसत. काळी माती फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून घ्या. जोता आणि रॅम्प एकत्र ओतू नका, मध्ये सांधा ठेवून त्यात लवचीक भरण करा. गच्चीच्या पाइपचं पाणी रॅम्पच्या बाजूला पडत असेल तर ते आधी नालीत न्या, नाहीतर मुरूम भरूनही सांधा हलेल.

वरचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू देऊ नका. काँक्रीट ओलं असताना झाडूने आडव्या रेघा ओढा. किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या टंचाईपेक्षा हिवाळ्यात काम घ्या. धरायचे पाइप दोन्हीकडे आणि दोन उंचीवर हवेत, अडीच आणि तीन फुटांवर. मे महिन्यात उन्हातल्या स्टीलला हात लागत नाही, म्हणून शेड जमत असेल तर तेही याच कामात धरा.

कमिटीकडून होणारी मोठी चूक म्हणजे "रॅम्प बांधावा" एवढाच ठराव. त्यावर सगळे सह्या करतात आणि खोदकाम सुरू झाल्यावर भांडण उभं राहतं, कारण कुणाच्या गाड्यांची जागा जाणार आणि कुणाच्या खिडकीसमोरून लोक जाणार हे कुणी सांगितलेलंच नसतं. उदाहरणातल्या इमारतीत चार दुचाकींची जागा जात होती. सभेआधी आवारात रॅम्पचा आराखडा चुन्याने आखून आठवडाभर ठेवला. गाड्या लावताना लोकांना अडचण दिसली, बोलणं झालं आणि चौघांना मागच्या बाजूला जागा ठरवून दिली. चुन्याच्या रेघांत एक व्हीलचेअर फिरवूनही बघा, वळण पुरतं का ते लगेच कळतं. ठरावाला नकाशा जोडा आणि त्यात लांबी, रुंदी, खर्चाची वाटणी आणि जाणारं पार्किंग लिहा. तळमजल्यावरच्या ज्याच्या खिडकीजवळून रॅम्प जातो, त्याची संमती लेखी घ्या. मोकळ्या जागेत बांधकाम येतं म्हणून नगर परिषदेकडे नकाशासह आधी अर्ज द्या.

रॅम्प आधीच बांधलेला असेल तर चार फुटांची सरळ फळी त्यावर उताराच्या दिशेने ठेवा. खालचं टोक उचलून स्पिरिट लेव्हलने फळी आडवी करा आणि त्या टोकाखालचं अंतर मोजा. ते चार इंचांपेक्षा जास्त आलं तर उतार तीव्र आहे. वर थर चढवून तो कमी होत नाही, रॅम्पची सुरुवात पुढे न्यावी लागते. पुढे जागाच नसेल तर आवाराचा काही भाग हळूहळू चढवत आणून पहिले काही इंच तिथेच काढता येतात, फक्त पाणी तळमजल्याच्या दाराकडे वळणार नाही एवढं बघा. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत रॅम्प तळमजल्यापर्यंतच नेतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींसाठी तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने किंवा अदलाबदलीने मिळतो का, हा विषय त्याच सभेत घ्या.