इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी वर्गात काय बोलायचं

बीएडची इंटर्नशिप संपताना निरोपाचं भाषण शेवटच्या तासाच्या शेवटी ठेवू नका, घंटा वाजली की पोरं दप्तरं भरायला लागतात आणि बाहेर रिक्षावाले काका हॉर्न मारत असतात. मी कळव्याच्या शाळेत सातवीला शिकवत होते, तिथे वर्गशिक्षिका बाईंना विचारून मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची पहिली दहा मिनिटं मागून घेतली.

बोलायचं फक्त तीनेक मिनिटं. "तुम्ही खूप छान आहात" हे कुठल्याही वर्गाला चालतं, म्हणून पोरांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा त्याच वर्गात घडलेलं सांगा. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी अपूर्णांकांची बेरीज शिकवताना मी फळ्यावर छेदांचीच बेरीज केली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, लसावि राहिला! त्या दिवसापासून मी लेसन प्लॅनमधलं प्रत्येक गणित घरी आधी सोडवून यायला लागले." वर्ग हसला आणि माझा रडवेला आवाज पण सावरला.

नावं घ्यायची तर सगळ्यांची, नाहीतर कुणाचंच नको, चार हुशार मुलांची घेतली की बाकीचे पन्नास गप्प होतात (हे मैत्रिणीच्या वर्गात झालंय). आणि "मी परत येईन" नक्की नसेल तर बोलूच नका, लहान मुलं खरंच वाट बघतात. शेवटचं वाक्य पुढच्या कामाचं ठेवा, मी म्हटलं, "उद्यापासून बाई टक्केवारी घेणारेत, वह्या आणा," आणि खडू बाईंच्या हातात दिला.