पाचवा बिट कोणी गिळला? 1011 डिटेक्टर, ओव्हरलॅपिंग-नॉनओव्हरलॅपिंग आणि माझी लॅब एक्झाम

थर्ड सेमची डिजिटलची प्रॅक्टिकल. प्रॉब्लेम आला 1011 डिटेक्टर, मूर मशीन, नॉन-ओव्हरलॅपिंग. मी मनात म्हटलं, भिया लॉटरी लागली, हे तर आपण घरी तीनदा जोडलंय. सर्किट पट्कन उभं केलं आणि बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे सांगितलं, "10111011 देऊन दाखव." चौथ्या बिटावर एलईडी लागला. आठव्यावर लागायला हवा होता, तो काही लागला नाही. परत दिलं, परत तेच. सर काही बोलले नाहीत, फक्त माझ्या स्टेट डायग्रामवर एका बाणाखाली पेनाने रेघ मारली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. ती रेघ आजही डोळ्यासमोर आहे यार, म्हणून हे लिहितोय.

मिली आणि मूरमधला फरक, स्टेट टेबल, के-मॅप हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. ते येत नसेल तर आधी ते करा, हे नंतर वाचा.

1011 साठी चार स्टेट सगळेच काढतात. S0 म्हणजे हातात काहीच नाही, S1 म्हणजे 1 आलाय, S2 म्हणजे 10, S3 म्हणजे 101. मिलीमध्ये एवढंच पुरतं. S3 वर 1 आला की त्याच बाणावर आउटपुट 1, आणि प्रश्न एवढाच की बाण जातो कुठे. ओव्हरलॅपिंग असेल तर शेवटचा 1 पुढच्या 1011 चा पहिला 1 होऊ शकतो, म्हणून S1. नॉन-ओव्हरलॅपिंग असेल तर जुळलेले चारही बिट वापरून झाले, म्हणून S0. अख्ख्या डायग्राममध्ये हा एकच बाण बदलतो. बाकी सगळं जसंच्या तसं.

आता मूर. इथे आउटपुट स्टेटमध्ये असतं म्हणून पाचवी स्टेट लागते, S4, म्हणजे "1011 पूर्ण झालं, एलईडी लाव". पाच स्टेट म्हणजे तीन फ्लिप-फ्लॉप, म्हणजे 7474 च्या दोन आयसी आणि एक फ्लिप-फ्लॉप रिकामा. इथपर्यंत मी बरोबर होतो.

इंदूरला भंवरकुआंत मी ज्या क्लासला जायचो तिथे एक शॉर्टकट मिळाला होता, वहीत चौकटीत लिहिलेला: "नॉन-ओव्हरलॅप म्हणजे मॅच झाल्यावर S0 ला जा." मी तो जसाच्या तसा मूरला लावला. S4 मधून 0 आला तरी S0, 1 आला तरी S0. दिसायला इतकं स्वच्छ दिसतं की शंकाच येत नाही. (चौकटीत लिहिलेल्या गोष्टींवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. शॉर्टकट शिकवणारे लोक वाईट नसतात, पण तो शॉर्टकट कुठे चालत नाही हे ते कधीच सांगत नाहीत.)

चूक कुठे आहे ते जरा सावकाश सांगतो, कारण मला ती समजायला दोन दिवस लागले.

मिलीमध्ये "S0 ला जा" हा बाण चौथा बिट खातो. चौथा बिट आला, जुळलं, बाण S0 वर. आता पाचवा बिट येईल तेव्हा मशीन S0 मध्ये ताजंतवानं बसलेलं आहे आणि तो बिट नीट वाचेल. पण मूरमध्ये चौथा बिट S3 ते S4 या बाणावर खाल्ला जातो. मग S4 मधून जो बाण निघतो तो कोणता बिट खातो? पाचवा! म्हणजे S4 मधून दोन्ही बाण S0 ला नेले की पाचवा बिट काय होता हे मशीन बघतच नाही. तो 1 असेल, नव्या 1011 ची सुरुवात असेल, तरी गिळून टाकतं. सराफ्यात एक प्लेट संपली आणि दुसरी हातात येताना पहिलाच घास खाली सांडला, तसं काहीसं. नॉन-ओव्हरलॅपिंगचा अर्थ "जुने बिट परत वापरू नका" एवढाच आहे, "एक नवा बिट फुकट घालवा" असा नाही.

बरोबर काय? S4 ने पाचव्या बिटाशी तसंच वागायचं जसं S0 वागला असता. S0 वर 0 आला तर S0, 1 आला तर S1. तेच S4 चं. आणि ओव्हरलॅपिंगमध्ये S4 ने S1 सारखं वागायचं: 0 आला तर S2, 1 आला तर S1. मी आता नियम असा लक्षात ठेवतो की मिलीचा बाण ज्या स्टेटवर पडतो त्या स्टेटची ओळ मूरच्या S4 ला कॉपी करायची, फक्त आउटपुट 1 ठेवायचं. व्हेरिलॉगमध्ये लिहिलं की एकदम उघडं पडतं:

```verilog
S4: next = x ? S1 : S2;  // overlapping
S4: next = x ? S1 : S0;  // non-overlapping
S4: next = S0;           // माझी चूक
```

बघा, पहिल्या दोन ओळींत 1 आल्यावर दोघंही S1 लाच जातात. फरक फक्त 0 आल्यावर आहे. मला आधी वाटायचं दोन डायग्राम खूप वेगळे असणार, आणि मग एकच बाण वेगळा निघाला की "काहीतरी राहिलं" असं वाटून मी उगाच दुसरे बाण हलवायचो. हलवू नका.

मग घरी तीनदा जोडून हे कळलं कसं नाही? कारण माझी टेस्टच बावळट होती. सगळे जण ओव्हरलॅप तपासायला 1011011 देतात. ओव्हरलॅपिंग मशीन चौथ्या आणि सातव्या बिटावर एलईडी लावतं, नॉन-ओव्हरलॅपिंग फक्त चौथ्यावर. माझं चुकीचं मशीनही फक्त चौथ्यावर लावायचं, कारण इथे पाचवा बिट 0 आहे आणि 0 वर माझा बाण योगायोगाने बरोबरच होता. चूक फक्त पाचवा बिट 1 असेल तेव्हा दिसते.

याहून वाईट म्हणजे रामबागेतल्या एका मित्राने मला 10111011011 देऊन बघ म्हटलं होतं. बरोबर नॉन-ओव्हरलॅपिंग मशीनला यात दोनदा एलईडी लागायला हवा. माझा दोनदा लागला, आम्ही खूश, खाली जाऊन पोहे-जलेबी. पण बरोबर मशीन चौथ्या आणि आठव्या बिटावर लावतं आणि माझं लावत होतं चौथ्या आणि अकराव्यावर! पाचवा बिट गिळल्यामुळे दुसरं 1011 सुटलं, मग आठव्या बिटापासून अकराव्यापर्यंत जे आणखी एक 1011 तयार होतं ते पकडलं गेलं, आणि आकडा जमला. म्हणून किती वेळा लागला हे मोजू नका, कितव्या बिटावर लागला ते लिहा. कागदावर बिट, त्याखाली स्टेट, त्याखाली आउटपुट अशा तीन ओळी. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

परीक्षेनंतर मी दोन दिवस पुश-बटणावर संशय घेतला. बटण बाउन्स होतं, एका दाबण्यात दोन क्लॉक जातात आणि बिट हुकतो, हे खरंच होतं आणि ट्रेनर किटवर सर्रास होतं. मी आयसी बदलली, बटण बदललं, माझ्या मामेभावाचं किट आणलं. शेवटी दादा (इंजिनियरिंग करून बसलेला सख्खा मोठा भाऊ) म्हणाला, "चूक दर वेळी त्याच बिटावर होतेय ना? मग वायर कशाला हलवतोस, कागद काढ." हे मात्र सोन्यासारखं आहे. बाउन्स असेल तर चूक कधी इथे कधी तिथे होते. डायग्राम चुकला असेल तर ती रोज त्याच जागी, त्याच वेळेला भेटते. सिनियर शोधायचा असेल तर असा शोधा जो तुमच्या ब्रेडबोर्डला हात लावत नाही.

आणखी एक खड्डा, यात मी नाही पण वर्गातले अर्धे पडले होते. नॉन-ओव्हरलॅपिंग म्हटलं की लोक अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांचे बाणही S0 ला नेतात. S3 वर 0 आला, म्हणजे 1010 झालं, तर शेवटचं 10 अजून कामाचं आहे, S2 ला जायचं. हे दोन्ही प्रकारांत सारखंच. ओव्हरलॅप होऊ द्यायचा की नाही हा प्रश्न पूर्ण झालेल्या दोन मॅचमधला आहे, फसलेल्या प्रयत्नाचा त्याच्याशी संबंध नाही, कारण तिथले बिट अजून कोणाच्या नावावर लागलेलेच नाहीत. 101011 देऊन बघा: सहाव्या बिटावर मॅच आलीच पाहिजे, दोन्ही मशीनमध्ये. S3 चा 0 चा बाण S0 ला नेला असेल तर येणार नाही.

ओव्हरलॅपिंगवाल्यांसाठी उलटी गंमत. 1011 मध्ये परत S1 ला जायचं, म्हणून काही जण पाठ करतात की "शेवटचा बिट 1 तर S1". 11011 घ्या. इथे शेवटचे दोन बिट 11 हेच सुरुवातीचे दोन बिट आहेत, म्हणून मिलीत मॅच झाल्यावर S2 ला जायचं. S1 ला गेलात तर 11011011 मध्ये आठव्या बिटावरची मॅच हुकते. शेवटाचा जो सगळ्यात लांब तुकडा सुरुवातीशी जुळतो तो धरायचा, अर्थात अख्खी सीक्वेन्स सोडून. आणि 1100 सारखी असेल, जिथे शेवटाचा कुठलाच तुकडा सुरुवातीशी जुळत नाही, तर ओव्हरलॅपिंग आणि नॉन-ओव्हरलॅपिंग डायग्राम एकच निघतो. व्हायवामध्ये कोणी 1100 देऊन "दोन्ही काढ" म्हणालं तर घाबरू नका, जबरदस्तीने फरक शोधू नका, सरळ सांगा सारखेच आहेत आणि का ते सांगा.

एका पोराने तर S4 चं आउटपुट उलटं करून थेट 7474 च्या क्लिअर पिनला जोडलं होतं, म्हणजे मॅच झाली की आपोआप S0. कल्पना वाईट नाही, बिटही गिळला जात नाही. पण क्लिअर क्लॉकची वाट बघत नाही, S4 आल्या आल्या स्वतःलाच पुसून टाकतो, आणि एलईडी इतक्या कमी वेळासाठी लागतो की डोळ्याला दिसतच नाही. तो बिचारा एलईडी बदलत बसला.

माझे त्या प्रॅक्टिकलमध्ये पासापुरते मार्क आले. सरांनी रेघ मारलेला तो बाण S4 वरून S0 ला जाणारा होता, त्याच्यावर मी 0 आणि 1 दोन्ही एकत्र, स्वल्पविराम देऊन लिहिले होते. आता कोणाच्याही मूर डायग्राममध्ये शेवटच्या स्टेटवर "0,1" असा एकच बाण दिसला की मी आधी विचारतो, 10111011 दिलंस का?