‘हा चार्ट बघा ना’ : चार्टबद्दल प्रश्न विचारताना काय सांगावे

पुतण्याने मोबाईलवर चार्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : “काका, लाईन तुटली का? विकू का?” एका शेअरचा वर जाणारा चार्ट, त्याखाली त्याने ओढलेली तिरकी ट्रेंडलाईन, आणि शेवटची कॅन्डल, म्हणजे ठरावीक काळातली भावाची हालचाल दाखवणारी उभी पट्टी, त्या लाईनीच्या खाली. फोटो कापताना उजवीकडचे भावाचे आकडे गेले होते, वरचे नावही गेले होते. नाव विचारून घेतले, माझ्या संगणकावर तोच शेअर उघडला, तेच दोन तळ जोडून लाईन ओढली. भाव लाईनीच्या चांगलाच वर होता. मी कळवले, “कुठे तुटलीय? नीट वर आहे.” पुढचा अर्धा तास आम्ही दोघे एकमेकांना आपापला फोटो पाठवत बसलो.

चूक कोणाचीच नव्हती. त्याचा पडदा लॉग स्केलवर होता, माझा साध्या स्केलवर. प्रश्नात ही एक गोष्ट असती, तर तो अर्धा तास वाचला असता. प्रश्न कसा मांडावा ते त्याच शेअरच्या आधाराने सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

पहिली पायरी : नेमके काय बघताय ते लिहा

शेअरच्या बाबतीत नाव आणि बाजार सांगितला की बहुतेक काम होते. एक मात्र जोडावे : भाव स्प्लिटसाठी अॅडजस्ट केलेले आहेत की नाहीत. अॅपलच्या शेअरचे 31 ऑगस्ट 2020 रोजी एकाचे चार झाले. पाचशेच्या आसपासचा भाव एका रात्रीत सव्वाशेच्या आसपास आला आणि कोणाचाही पैसा बुडाला नाही. अॅडजस्ट न केलेल्या चार्टवर मात्र तिथे कडा कोसळल्यासारखी दिसते. असा चार्ट दाखवून “एवढा का पडला?” असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नाचे उत्तर बाजारात सापडत नाही.

फ्युचर्स, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यासाठी आज केलेले खरेदी-विक्रीचे करार, असतील तर नुसते नाव अजिबात पुरत नाही. 20 एप्रिल 2020 चा दिवस घ्या. अमेरिकेतल्या वेस्ट टेक्सास कच्च्या तेलाचा मे महिन्याचा करार त्या दिवशी उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. करार संपायला एकच दिवस उरला होता, ज्यांच्या हातात तो होता त्यांना तेल ठेवायला जागा मिळत नव्हती, म्हणून ते पैसे देऊन सुटका करून घेत होते. त्याच तेलाचा जूनचा करार त्याच दिवशी 20.43 डॉलरवर बंद झाला. पडद्यावर एकाचे नाव CLK20, दुसऱ्याचे CLM20. फरक एका अक्षराचा, आणि “आज तेल कुठे बंद झाले?” या प्रश्नाला दोन खरी उत्तरे. म्हणून कराराचा महिना लिहावा. अनेक करार एकापुढे एक जोडून केलेला सलग चार्ट असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण त्यात दोन करारांच्या सांध्यावर दिसणारी उडी बऱ्याचदा नुसत्या जोडकामाची असते.

दुसरी पायरी : टाइमफ्रेम, आणि कॅन्डल बंद झाली की चालू आहे

दैनिक, साप्ताहिक की पंधरा मिनिटांची कॅन्डल, हे बहुतेक जण सांगतात. शेवटची कॅन्डल पूर्ण झाली आहे का, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही. साप्ताहिक चार्टवर बुधवारी दिसणारी लाल कॅन्डल अर्धीमुर्धी असते. शुक्रवारच्या शेवटच्या तासात भाव वर आला तर तीच कॅन्डल खाली लांब शेपूट आणि वर हिरवे अंग घेऊन बंद होईल, आणि बुधवारी ‘तुटलेली’ लाईन शनिवारी शाबूत असेल. पुतण्याचा फोटो बुधवारचा होता आणि चार्ट साप्ताहिक. हेही मला फार उशिरा कळले.

चलनांच्या चार्टमध्ये दिवस कुठे संपतो हेही सांगावे लागते. हा बाजार न्यूयॉर्कच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता उघडतो. दिवस न्यूयॉर्कच्या पाचला संपवला तर आठवड्यात पाच कॅन्डल पडतात. ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्री संपवला तर रविवारच्या काही तासांची एक चिमुकली सहावी कॅन्डल तयार होते. मग एकाची 20 दिवसांची सरासरी चार आठवड्यांची आणि दुसऱ्याची साधारण सव्वातीन आठवड्यांची. दोघेही “भाव सरासरीखाली गेला का?” यावर वाद घालतात, आणि दोघांच्याही पडद्यावर आपापले उत्तर बरोबर असते.

तिसरी पायरी : स्केल

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो आणि विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

साध्या स्केलवर 100 ते 200 हे अंतर आणि 300 ते 400 हे अंतर सारखेच दिसते, कारण दोन्हींत शंभराचीच भर आहे. लॉग स्केलवर सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते. त्यामुळे 100 ते 200 आणि 200 ते 400 ही अंतरे सारखी दिसतात, कारण दोन्ही ठिकाणी दुप्पट झाली आहे.

आता पुतण्याचा शेअर. पहिला तळ 100 वर. दोन वर्षांनी दुसरा तळ 200 वर. या दोन तळांमधून लाईन ओढून पुढे नेली. आणखी दोन वर्षांनी, म्हणजे आज, ती लाईन कुठे असेल? साध्या स्केलवर दोन वर्षांत शंभराची भर पडली होती, म्हणून आणखी शंभर, लाईन 300 वर. लॉग स्केलवर दोन वर्षांत दुप्पट झाली होती, म्हणून पुन्हा दुप्पट, लाईन 400 वर. आजचा भाव 350. माझ्या पडद्यावर तो लाईनीच्या 50 वर, त्याच्या पडद्यावर 50 खाली. शेअर तोच, तळ तेच.

मग खरी लाईन कोणती? माझ्या मते हा प्रश्न तसा सोडवू नये. आधी प्रत्येक लाईन काय विचारते ते बघावे. लॉगवरची लाईन दर दोन वर्षांनी दुप्पट, म्हणजे वर्षाला सुमारे 41 टक्के, असा वेग मागते. 200 च्या तळापासून आजच्या 350 पर्यंतचा वेग वर्षाला सुमारे 32 टक्के पडतो. म्हणजे ‘लाईन तुटली’ याचा अर्थ एवढाच की वेग 41 वरून 32 वर आला. पुतण्याला वाटत होते की शेअर कोसळतोय. चार्ट फक्त सांगत होता की तो आधीइतका जोरात धावत नाही. साध्या स्केलवरची लाईन तर वर्षाला 50 ची भर एवढेच मागते. सुरुवातीला ही 50 टक्के वाढ होती, 300 वर पोचेपर्यंत ती 17 टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे माझी लाईन वर्षागणिक सैल होत जाणारी अट होती. “नीट वर आहे” हे माझे उत्तरही त्यामुळे वाटले तेवढे भक्कम नव्हते.

प्रत्येक चार्टसाठी ही काथ्याकूट करावी लागत नाही. चार्टवरच्या सर्वांत खालच्या भावाला सर्वांत वरचा भाव किती पटीत आहे ते बघा. 100 ते 105 मधली हालचाल असेल तर मधोमधचा बिंदू साध्या स्केलवर 102.50 आणि लॉगवर 102.47 येतो. इथे स्केल सांगितले नाही तरी चालेल. तेच 100 ते 400 असेल तर मधला बिंदू एकीकडे 250, दुसरीकडे 200. दीडपटीच्या पुढे गेलात की स्केल लिहायचेच, असा मी स्वतःपुरता नियम ठेवला आहे. आडव्या लाईनींना मात्र स्केलचा फरक पडत नाही. 350 चा सपोर्ट, म्हणजे पडता भाव जिथे सावरेल असे वाटते ती पातळी, दोन्हीकडे 350 च राहतो. आणि तेलासारखा भाव शून्याखाली गेला तर लॉग स्केल त्याला दाखवूच शकत नाही. तो दिवस चार्टवरून गायब होतो किंवा पडदा आपणहून साध्या स्केलवर येतो.

“लाईन 45 अंशांत चाललीय” असे कृपया लिहू नका. खिडकी रुंद केली की तेच 45 अंश 30 होतात.

चौथी पायरी : संदर्भ

संदर्भ म्हणजे बातम्यांचे बाड नव्हे. तीन गोष्टी पुरतात. चार्ट कधीपासूनचा आहे, भाव शेवटच्या शिखरावरून किती उतरला आहे, आणि या उत्तरावर तुम्ही काय ठरवणार आहात. तिसरी गोष्ट लिहायला लोक संकोचतात, पण तिच्याशिवाय टाइमफ्रेमही धड निवडता येत नाही. दोन आठवड्यांसाठी घेतलेल्या शेअरला चार वर्षांच्या लाईनीचा काही उपयोग नाही. त्या लाईनीपर्यंत भाव येईस्तोवर तुमचा हिशोब कधीच संपलेला असतो. कंपनीचे निकाल तोंडावर असतील तर तेही लिहावे, कारण त्या दिवशी भाव मधल्या पायऱ्या न घेता उडी मारू शकतो आणि ‘इथे आला की विकेन’ हा बेत हवेत राहतो.

पुतण्याला मी प्रश्न पुन्हा लिहायला लावला. दुसऱ्या दिवशी आला तो असा :

“काका, शेअरचे नाव आणि बाजार फोटोत दिसतोय. भाव स्प्लिटसाठी अॅडजस्ट केलेले. साप्ताहिक चार्ट, चार वर्षांचा, लॉग स्केल. या आठवड्याची कॅन्डल अजून बंद झालेली नाही. 100 आणि 200 चे तळ जोडले, लाईन आता 400 वर आहे, भाव 350. शिखर 440 चे होते. मी 210 ला घेतलाय आणि आणखी दोन वर्षे ठेवायचा विचार आहे. निकाल तीन आठवड्यांनी. वाढीचा वेग मंदावला म्हणून आताच थोडे विकावे का?”

शेवटची ओळ बघा. “लाईन तुटली का?” हा प्रश्नच उरला नाही, तो त्याचा त्यानेच सोडवला होता. मी उत्तरात दोन गोष्टी लिहिल्या : शुक्रवारी कॅन्डल बंद होऊ दे, आणि शिखरावरून 20 टक्के उतरणे या शेअरला नवे आहे का, ते गेल्या चार वर्षांत मोजून सांग. त्याने मोजले. एवढी घसरण आधी तीनदा झाली होती, आणि तिन्ही वेळा लॉगवरची लाईन न तुटता. या खेपेला काय वेगळे होते ते त्यामुळे आकड्यांत समोर आले, आणि मग किती विकायचे यावर आम्ही बोलायला बसलो.